हिरव्या ठिपक्यामागचा मासा

*माझ्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी माळ घातली. घरात मासे-मटण येत नाही. जुलैमध्ये मी ऑनलाइन जपानी मिसो पेस्ट मागवली, ५०० ग्रॅम, ८९० रुपये. जाहिरातीत '१०० टक्के शाकाहारी' लिहिलं होतं, डब्यावरच्या स्टिकरवर हिरवा ठिपकाही होता. दोन महिने आम्ही सगळ्यांनी, बाबांनीही, त्याचं सूप प्यायलं. गणपतीत पुण्याहून भाची आली. ती जपानी शिकते. तिने स्टिकरची सुटलेली कड उचलून खालची जपानी ओळ वाचली आणि म्हणाली, "मामा, यात माशाचा अर्क आहे." विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "फोडलेला खाद्यपदार्थ परत घेत नाही. शिवाय डब्यावर हिरवा ठिपका आहे." आता त्याला रीतसर पत्र लिहायचं आहे. भाचीचं भाषांतर पुरावा म्हणून चालेल का? मराठीत लिहिलं तर चालेल? बाबांच्या माळेचा उल्लेख करावा का? बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.*
*— एक वाचक, सांगली*

पत्राला हात घालण्याआधी त्या स्टिकरला हात लावणं थांबवा. भाचीने कड उचलली तेवढी पुरे. उत्सुकतेपोटी कुणीतरी ते पूर्ण सोलून काढेल, खालची छपाई त्याच्यासोबत निघून येईल, आणि मग विक्रेता विचारेल की हे स्टिकर याच डब्याचं कशावरून. आज दिवसाच्या उजेडात, खिडकीशी डबा धरून फोटो काढा. पहिला पूर्ण डब्याचा, स्टिकर जिथे आहे तिथेच असताना. दुसरा उचललेल्या कडेचा, असा की एकाच चौकटीत वरचं स्टिकर आणि खालची जपानी ओळ दोन्ही दिसतील. तुमच्या तक्रारीत हा फोटो सगळ्यात मोलाचा. मग झाकणावरची किंवा तळाची तारीख, बारकोड, आणि स्टिकरवरचा आयातदाराचा पत्ता व चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक. उरलेला मिसो टाकून देऊ नका. झाकण घट्ट लावून, वेगळ्या पिशवीत बांधून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. घरात नको वाटत असेल तर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, पण ठेवा.

दुसरं काम ऑनलाइन जाहिरातीचं, आणि तेही आजच. पत्र पोचलं की जाहिरातीतला मजकूर बदलतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. स्क्रीनशॉट असे घ्या की वरची पत्त्याची ओळ, विक्रेत्याचं नाव आणि '१०० टक्के शाकाहारी' हे शब्द एकत्र दिसतील. जाहिरातीतले सगळे फोटोही मोठे करून साठवा. त्यातल्या डब्याच्या दर्शनी भागाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतोय, त्याचं कारण पुढे येईल. आणि बिलाची पीडीएफ उतरवून घ्या. विक्रेत्याचं खरं व्यापारी नाव आणि पत्ता तिथेच असतो, ॲपवर दिसतं ते पुष्कळदा नुसतं दुकानाचं टोपणनाव असतं.

आता भाचीच्या वाचनाकडे येऊ. तिच्यावर माझा अविश्वास नाही. पण समोरचा माणूस ज्या फटीतून निसटू शकतो, ती फट आपण आधी बुजवलेली बरी.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत घटकांची ओळ स्पष्ट वाचता येते. जपानी लेबलवर ही यादी 'गेनझाइर्योमेई' या शीर्षकाखाली असते आणि वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे जे जास्त ते आधी. पुढे एक तिरकी रेघ येते आणि तिच्यानंतर फक्त संरक्षक, रंग वगैरे मिश्रणद्रव्यं. तुमच्या डब्यावरची ओळ अशी आहे: तांदूळ, सोयाबीन, मीठ, कात्सुओ एकिसु, कोंबु एकिसु, तिरकी रेघ, शुसेई. 'एकिसु' म्हणजे अर्क. 'कोंबु' ही समुद्री वनस्पती, तिच्याविषयी आपली तक्रार नाही. 'शुसेई' म्हणजे अल्कोहोल, मिसो डब्यात पुढे आंबत राहू नये म्हणून थोडं घालतात. उरला 'कात्सुओ'. हा ट्युनाच्या घराण्यातला मासा, कोकणात कुपा म्हणतात त्याचा भाऊबंद. जपानी लोक तो उकडतात, धुरी देतात आणि वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर त्याचे पातळ छिलके काढतात. आपल्या स्वयंपाकाची सुरुवात फोडणीने होते, तशी त्यांची या छिलक्यांच्या पाण्याने होते. त्या पाण्याला 'दाशी' म्हणतात.

इथे एक सावधानी. 'दाशी' म्हटलं की मासा असलाच पाहिजे असं नाही. नुसत्या कोंबुची दाशी असते, शिताके अळंब्यांची असते. बौद्ध मठांतला स्वयंपाक त्यावरच चालतो. म्हणून पत्रात 'यात दाशी आहे, सबब मांसाहारी' असं लिहिलंत तर जाणकार विक्रेता तुम्हाला एका ओळीत गप्प करेल. तुमचा मुद्दा फक्त 'कात्सुओ' या एका शब्दावर उभा राहायला हवा. हा शब्द जपानी लोक तीन तऱ्हांनी लिहितात: हिरागानात, काताकानात आणि कांजीत. तुमच्या डब्यावर हिरागाना आहे, तीन साधी अक्षरं. जपानीच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही ती वाचू शकतो, आणि ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

विक्रेता बहुतेक एक गोष्ट पुढे करेल, तिची तयारी ठेवा. अनेक जपानी डब्यांवर ॲलर्जीची वेगळी चौकट असते. तुमच्या डब्यावरही आहे आणि तिच्यात फक्त 'दाइझु', म्हणजे सोयाबीन, लिहिलंय. तो म्हणेल, बघा, चौकटीत मासा नाही. ही चौकट ठरावीक पदार्थांच्या यादीवरून भरतात. त्या यादीत साल्मन आणि मॅकेरल हे मासे आहेत, पण कात्सुओ नाही. त्यामुळे चौकटीत मासा नसणं म्हणजे डब्यात मासा नसणं नव्हे. भाचीने हे आधीच ओळखलं असेल तर तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आता स्टिकर. इंग्रजीत त्यावर लिहिलंय: तांदूळ, सोयाबीन, मीठ, केल्पचा अर्क, अल्कोहोल. केल्प म्हणजे कोंबुच. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून पाहा. जपानीत सहा नावं, इंग्रजीत पाच. क्रम तंतोतंत तोच. मधून गळलंय ते एकच नाव, आणि ते नेमकं माशाचं. पाहिल्या पाहिल्या डोक्यात तिडीक जाते, माझ्याही गेली. पण थांबा. याच प्रकारचा मिसो नुसत्या कोंबुची दाशी घालूनही मिळतो. डबे दिसायला सारखे, दर्शनी भागावर दोन-चार अक्षरांचा फरक. आयातदाराने त्या डब्यासाठी छापलेलं स्टिकर चुकून या डब्यावर लावलं, हेही तितकंच शक्य आहे. जाणूनबुजून गाळलं की गोदामात घोळ झाला, हे तुम्हाला सांगलीत बसून कळणार नाही, आणि पत्रासाठी ते कळण्याची गरजही नाही.

म्हणूनच मघाशी जाहिरातीतला फोटो मोठा करून बघा म्हटलं. तुमच्या डब्याच्या पुढच्या बाजूला, नावाशेजारी, लहान अक्षरांत काय छापलंय ते भाचीला वाचायला सांगा, आणि जाहिरातीतल्या फोटोत त्याच जागी काय आहे तेही. दोन्हीकडे 'कात्सुओ' असेल, तर विक्रेत्याने स्वतःच्याच फोटोच्या विरुद्ध मजकूर लिहिला. फोटोत 'कोंबु' आणि तुमच्या हातात 'कात्सुओ' असेल, तर त्याने एक दाखवून दुसरं पाठवलं. दोन्ही प्रकारांत तुमची बाजू बळकट, पण पत्रातलं वाक्य वेगळं होईल. बारकोडचे तेरा आकडे जाहिरातीत कुठे दिलेले असतील तर तेही ताडून बघा.

भाषांतर पुरावा म्हणून चालेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पुरावा डब्यावरची छापील ओळ आहे. भाषांतर ही ती ओळ वाचायची सोय. त्यामुळे पत्रात 'माझी भाची म्हणते' असं कुठेही येऊ देऊ नका. मूळ शब्द द्या, त्याचा उच्चार द्या, अर्थ द्या, आणि सांगा की कोणत्याही जपानी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची काही वाण नाही, विक्रेत्यालाही कुणीतरी सापडेल. फोनचा कॅमेरा धरून मिळालेलं भाषांतर मात्र पत्राला जोडू नका. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्याने या शब्दाचं 'बोनिटो इसेन्स' केलंय. अर्थ चूक नाही, पण आपल्याकडे 'इसेन्स' म्हटलं की व्हॅनिलाची बाटली आठवते. विक्रेता म्हणेल, नुसता वास आहे हो. उगाच त्याच्या हातात कोलीत कशाला द्या? प्रकरण पुढे ग्राहक आयोगात गेलंच, तर तेव्हा व्यावसायिक भाषांतरकाराकडून सही-शिक्क्याचं भाषांतर करून घ्या. आत्ता त्यावर पैसे घालवू नका, ८९० रुपयांच्या डब्यासाठी तर नकोच.

कायद्याबद्दल तुम्हाला लागेल तेवढंच सांगतो. आपल्या अन्न लेबलच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या सरळ आहे: प्राण्याचा, पक्ष्याचा, माशाचा कोणताही अंश किंवा प्राणिजन्य पदार्थ असला की तो मांसाहारी. दूध, मध वगैरेंचे अपवाद सोडले तर किती टक्के, हा प्रश्नच येत नाही. अर्क असला तरी ठिपका हिरवा राहत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही प्रमाण कितीही नगण्य असलं तरी घटक कशापासून आला हे ग्राहकाला कळलं पाहिजे, असं बजावलं होतं.

दुसरा नियम थेट विक्रेत्याच्या उत्तराला लागू होतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला सहावा नियम सांगतो की माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. 'फोडलेला डबा परत घेत नाही' हे त्याचं दुकानातलं धोरण आहे. मत बदललं, चव आवडली नाही, अशा वेळी ते धोरण ठीक. इथे डबा फोडल्याशिवाय आणि स्टिकर उचलल्याशिवाय दोष कळण्याची सोयच नव्हती. 'डब्यावर हिरवा ठिपका आहे' हे तर त्याने स्वतःच्याच पायावर मारून घेतलेलं वाक्य आहे. ठिपका आहे हीच तर तक्रार. ते उत्तर जपून ठेवा. ठिपका आयातदाराने लावला की आणखी कुणी, हा त्यांचा आपसातला हिशेब. तुमचा व्यवहार बिलावर नाव असलेल्या माणसाशी झाला.

पत्र मराठीत चालेल. बिलावरचा पत्ता ठाण्याचा आहे, आणि तुम्ही ज्या भाषेत नेमकं लिहू शकता ती भाषा चांगली. ॲपच्या तक्रार पानावर मात्र दोन-तीन ओळींचा इंग्रजी सारांश टाका, कारण तिथे वाचणारा माणूस कुठे बसलाय याचा नेम नसतो.

सुराबद्दल एक सांगतो, स्वतःच्या फजितीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी मी 'शुद्ध लोकर' म्हणून एक परदेशी स्वेटर घेतला होता. आतल्या पट्टीवर जर्मनमध्ये 'पॉलिअॅक्रिल' छापलेलं होतं, ऐंशी टक्के. मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात फसवणूक, लूट, फौजदारी, सगळं होतं, आणि पट्टीवरची ओळ तिसऱ्या पानावर कुठेतरी. दुकानदाराने ते वकिलाकडे दिलं. वकिलाने माझ्या आरोपांना उत्तरं दिली, पट्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार महिने गेले आणि थंडीही गेली. तेव्हापासून मी पहिल्या पत्रात विशेषणं वापरत नाही. दोन छापील ओळी समोरासमोर ठेवायच्या आणि एक मागणी करायची. आरोप केला की समोरच्याला आरोपाचं उत्तर देता येतं. ओळी ठेवल्या की त्याला ओळींचंच उत्तर द्यावं लागतं.

मी असं लिहीन. कंसातले तपशील तुम्ही भरा.

> प्रति,
> (बिलावरील व्यापारी नाव व पत्ता)
>
> विषय: मिसो पेस्ट ५०० ग्रॅम, ऑर्डर क्र. (…), दि. (…). जाहिरातीतील वर्णन व डब्यावरील मूळ लेबल यांतील विसंगती.
>
> महोदय,
>
> वरील ऑर्डरने मी आपल्याकडून ८९० रुपयांना मिसो पेस्ट घेतली. आपल्या जाहिरातीत तिचं वर्णन '१०० टक्के शाकाहारी' असं आहे (स्क्रीनशॉट १, दि. …). डब्यावर चिकटवलेल्या इंग्रजी स्टिकरवर हिरवा ठिपका असून घटक असे दिले आहेत: तांदूळ, सोयाबीन, मीठ, केल्प अर्क, अल्कोहोल (फोटो २).
>
> याच स्टिकरखाली उत्पादकाने छापलेली मूळ जपानी घटकयादी आहे (फोटो ३, यात स्टिकर व मूळ छपाई एकत्र दिसते). तीत मीठ व केल्प अर्क यांच्या मध्ये 'कात्सुओ एकिसु' हा घटक आहे. 'कात्सुओ' हे माशाचं नाव असून 'एकिसु' म्हणजे अर्क. इंग्रजी स्टिकरवर हा घटक नाही. मूळ ओळ फोटोत स्पष्ट आहे. आपण ती कोणत्याही जपानी जाणकाराकडून तपासून घ्यावी.
>
> माशाचा अर्क असलेला पदार्थ भारतीय नियमांनुसार शाकाहारी ठरत नाही. म्हणजे मला मिळालेली वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नाही. दि. (…) च्या मेसेजमध्ये आपण 'फोडलेला पदार्थ परत घेत नाही' असं कळवलंत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६ नुसार वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तूचे पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. डबा उघडून स्टिकरची कड सुटेपर्यंत ही बाब कळणं शक्य नव्हतं.
>
> माझी मागणी: ८९० रुपये पूर्ण परत करावेत आणि जाहिरातीतील 'शाकाहारी' हा उल्लेख लगेच काढावा. उरलेला माल डब्यासह माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपल्या खर्चाने नेण्याची व्यवस्था केल्यास पोच घेऊन देईन.
>
> माझ्या घरात मत्स्याहार वर्ज्य आहे आणि केवळ आपल्या वर्णनावर विसंबून ही खरेदी केली होती.
>
> या पत्राची पोच ४८ तासांत व निराकरण एक महिन्याच्या आत अपेक्षित आहे. माझे इतर सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.
>
> (नाव, पत्ता, सही)
> सोबत: बिल, स्क्रीनशॉट १, फोटो २ व ३, आपला दि. (…) चा मेसेज.

४८ तास आणि एक महिना हे मी मनाने टाकलेलं नाही. तक्रार अधिकाऱ्याने पोच आणि निकाल देण्यासाठी त्याच नियमांत ठरवलेल्या या मुदती आहेत. त्या ॲप चालवणाऱ्या कंपनीलाही लागू आहेत. म्हणून हे पत्र विक्रेत्याला ईमेलने पाठवा आणि त्याच दिवशी, त्याच शब्दांत, ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. त्याचं नाव आणि ईमेल ॲपवर असणं बंधनकारक आहे, बहुधा पार तळाशी बारीक अक्षरांत सापडेल. ग्राहक सेवेच्या चॅटवर रात्रभर बोलत बसू नका. तिथलं संभाषण नंतर पुष्कळदा दिसत नाही.

पाठवल्यावर पुढे काय काय होऊ शकतं? पैसे गुपचूप परत येतील आणि जाहिरात तशीच राहील, हे सर्वाधिक शक्य. मग आणखी एक ओळीचं पत्र लिहा: पैसे मिळाले, दुसरी मागणी बाकी आहे. किंवा कूपन देऊ करतील, घेऊ नका. किंवा 'आधी डबा पाठवा, मग तपासतो' म्हणतील. पाठवायला हरकत नाही, पण फोटो नीट निघालेत याची खात्री झाल्यावरच, आणि कुरियरची पावती घेऊन. वाटलं तर थोडा मिसो आणि डबा दोन्ही घरी ठेवण्याचा आग्रह धरा. डब्याशिवाय तुमची तक्रार म्हणजे नुसती एक गोष्ट.

महिनाभर काहीच हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. तिथून कंपनीकडे चौकशी जाते, आणि एवढ्या रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतरचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. तुम्ही सांगलीत राहता म्हणून सांगलीतच दाखल करता येतं, ठाण्याला जावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. घरच्या मनस्तापाची भरपाई मागायची जागा ती. पहिल्या पत्रात ती मागितली की ८९० रुपयांचं भांडण पन्नास हजारांचं होतं आणि विक्रेता मूठ आवळून बसतो.

चुकीच्या ठिपक्याची तक्रार अन्न प्रशासनाकडे करायची की नाही, हा वेगळा निर्णय. तिथून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. पण हे स्टिकर एका डब्यावर नसेल, खोकंच्या खोकं लागलेलं असेल, आणि आणखी कुणाकुणाच्या घरी ते सूप चाललेलं असेल. मी केली असती. विक्रेत्याच्या पत्रात मात्र तिची धमकी घालू नका. करायची तर करा, सांगत बसू नका.

राहता राहिले बाबा. पत्रात मी मुद्दाम 'घरात वर्ज्य आहे' एवढंच लिहिलं, आणि तेही मागण्यांच्या नंतर. माळेचा उल्लेख वर आणला की विक्रेता 'भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत' असं लिहून मोकळा होतो आणि घटकांची ओळ बाजूला राहते. शिवाय माळ त्यांची आहे. त्यांना ठाऊक नसताना ती तुम्ही एका दुकानदारासमोर मांडणं मला बरं वाटत नाही. पुढे आयोगात भरपाई मागायची झाली तर त्यांच्याबद्दल लिहावंच लागेल, कदाचित त्यांचं म्हणणंही द्यावं लागेल, आणि तेव्हा त्यांना ते कागदावर पहिल्यांदा कळायला नको. त्यामुळे पत्र पाठवायच्या आधी सांगा. डब्यावर काय लिहिलं होतं आणि खाली काय निघालं, भाचीला शेजारी बसवून, तो फोटो दाखवून सांगा. त्यांना काय करायचं ते ते ठरवतील. माझ्या ओळखीच्या एका माळकरी आजोबांनी अशाच प्रसंगी एवढंच विचारलं होतं, "मग त्या दुकानदाराला कळवलंस का?"